आठ मार्च की तीन ऑगस्ट?

आईबाबांच्या आरोग्य विम्याच्या शेड्यूलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की आपण त्यातले तीन आकडे शीटमध्ये टाकतो आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात झोपतो. मीही तेच करायचो. आता म्हणतो, असा तक्ता नसलेलाच बरा. तक्ता नसला तर माणूस निदान घरी फोन तरी करतो.

आमच्या कागदावर मुदत छापली होती ०८/०३/२०२४ ते ०७/०३/२०२५. माझ्या अमेरिकी सेटिंगच्या शीटने ती ३ ऑगस्ट ते ३ जुलै अशी वाचली. विमा ७ मार्चला संपला, तक्त्यात तो जवळजवळ चार महिने जिवंत राहिला. कंपनीचे मेसेज बाबांच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होते. २० मार्चला बोलता बोलता विषय निघाला, नूतनीकरणाची ३० दिवसांची वाढीव मुदत शिल्लक होती म्हणून निभावलं. पण त्या तेरा दिवसांत बाबांना दाखल करावं लागलं असतं, तर खर्च आमच्याच खिशातून गेला असता. वाढीव मुदतही हुकली असती, तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता.

भाऊ म्हणतो, "नीट बघून लिहायचं, त्यात काय एवढं?" मी नीटच बघितलं होतं! मी टाकलेले अंक बरोबर होते, अर्थ चुकला होता. चूक पकडायला डोळे नव्हे, हिशेब लागतो. वर्षाची पॉलिसी सुरुवातीच्या तारखेच्या आदल्या दिवशी संपते. ३ ऑगस्ट ते ३ जुलै हे अकराच महिने होतात. तिथेच शंका यायला हवी होती. म्हणून आता मी महिना अक्षरांत लिहितो.

हप्त्याचंही तसंच. निव्वळ हप्ता ३२,४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,८४१, एकूण ३८,२९१. तिन्ही आकडे उतरवले तर बेरीज जुळते का ते कळतं. एकटा 'एकूण' उतरवला आणि पुसट फोटोत ३ चा ८ झाला, तर कळायला मार्ग नाही. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यानंतरच्या कागदावर १८ टक्के शोधू नका.)

विमा रकमेला मात्र असा हिशेब नाही. आमच्या कागदावर आई आणि बाबा दोघांच्या नावापुढे ५,००,००० होते. मी दहा लाख लिहिले. पॉलिसी फ्लोटर होती, म्हणजे दोघांत मिळून पाच. तो शब्द तक्त्याच्या वर छापलेला होता, आणि फोटोत नेमका तोच भाग कापला गेला होता.

अशा वेळी रकाना रिकामा ठेवा आणि पूर्ण पानाचा फोटो पुन्हा मागवा. रिकामा रकाना बघून आपल्याला लाज वाटते. चुकीचे दहा लाख बघून वाटत नाही, ही खरी अडचण आहे.