शहरात दहा मिनिटांत डिलिव्हरी आली आणि घाटातल्या दुकानाची गाडी महाग झाली, हा हिशोब नेमका काय आहे?

गावातल्या किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा शहरातल्याच किमतीला मिळतो. पाच रुपयांचा पुडा पेठेतही पाच रुपयांना आणि घाटावरच्या वाडीतही पाचच रुपयांना. पण तो पुडा दोन्हीकडे पोचवायला सारखाच खर्च येतो का? अजिबात नाही. मग मधला फरक कोण भरतं?

तर तो भरतो तालुक्याच्या गावातला डिस्ट्रिब्युटर. कंपनीकडून माल घ्यायचा, गोडाऊनला ठेवायचा, सेल्समन पाठवून ऑर्डर घ्यायची आणि टेम्पोने दुकानात पोचवायचं, हा त्याचा धंदा. हाच डिस्ट्रिब्युटर सध्या अडचणीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्ट्रिब्युटरांच्या देशपातळीवरच्या संघटनेने क्विक कॉमर्स कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. तोट्यात माल विकून या कंपन्या बाजार बिघडवतायत, असा त्यांचा आरोप होता.

आता तुम्ही म्हणाल, दहा मिनिटांत डिलिव्हरी देणारं ॲप आहे मोठ्या शहरात. त्याचा घाटावरच्या वाडीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दिसतो डिस्ट्रिब्युटरच्या एका हिशोबात. एका पेटीवर किती ओव्हरहेड पडतो आणि एका लाईनवर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळं उलगडतं.

आधी ओव्हरहेड म्हणजे काय ते बघू

मालाची खरेदी किंमत सोडून डिस्ट्रिब्युटरचा जो खर्च होतो, त्याचे ढोबळ दोन भाग पडतात. ऑर्डर मिळवण्यासाठी होतो तो विक्रीचा खर्च. त्यात सेल्समनचा पगार, त्याचं पेट्रोल, बिल बनवणं वगैरे आलं. ऑर्डर मिळाल्यावर माल पोचवण्यासाठी होतो तो वितरणाचा खर्च. त्यात गोडाऊनचं भाडं, हमाली, टेम्पो, ड्रायव्हर आणि डिझेल आलं.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक डिस्ट्रिब्युटर महिन्याला २,४०० पेट्या विकतो. पेटीची सरासरी किंमत १,००० रुपये आणि त्याला सुटणारं मार्जिन ५ टक्के, म्हणजे पेटीमागे ५० रुपये. त्याच्याकडे स्वतःचा एक टेम्पो आहे आणि तो महिन्याला २४ दिवस फिरतो. त्याचा महिन्याचा खर्च असा:

- डिझेल, टायर, सर्व्हिसिंग: १२,००० रुपये
- ड्रायव्हर, हेल्पर, टेम्पोचा हप्ता आणि विमा: ३६,००० रुपये
- सेल्समन आणि बिलिंग: २८,८०० रुपये
- गोडाऊन आणि हमाली: १२,००० रुपये

एकूण झाले ८८,८०० रुपये. त्याला २,४०० पेट्यांनी भागलं की उत्तर येतं ३७ रुपये. म्हणजे प्रत्येक पेटीवर ३७ रुपये ओव्हरहेड चढवला आणि तिच्या मार्जिनमधून तो वजा केला. पेटीमागे १३ रुपये उरले आणि महिन्याचा नफा झाला ३१,२०० रुपये.

हिशोब चुकीचा नाही. पेटी विकून आपल्याला परवडतंय का, एवढं तो बरोबर सांगतो. घोळ असा आहे की हा ३७ चा आकडा सगळ्या पेट्यांना एकाच मापाने मोजतो. दुकानासमोर टेम्पो लावून उतरवलेली पेटी आणि ४५ किलोमीटर घाट चढून नेलेली पेटी, त्याच्या लेखी दोन्ही सारख्याच.

मग लाईनचा खर्च कसा काढायचा?

सरसकट पेट्यांनी भागायचं नाही. प्रत्येक खर्चाला विचारायचं, "बाबा, तू कशामुळे वाढतोस?"

डिझेल किलोमीटरमुळे वाढतं. टेम्पो महिन्याला १,२०० किलोमीटर फिरतो, म्हणजे किलोमीटरला १० रुपये. ड्रायव्हर आणि हप्ता दिवसावर जातो. गाडी भरून गेली काय आणि अर्धी गेली काय, दिवस तेवढाच लागतो. ३६,००० भागिले २४ म्हणजे फेरीला १,५०० रुपये. सेल्समनचा वेळ जातो दुकानामागे. दुकानदाराने एक पेटी घेतली तरी बिल एकच आणि दहा घेतल्या तरी एकच. महिन्याला ७२० बिलं होतात, म्हणजे बिलामागे ४० रुपये. राहिलं गोडाऊन आणि हमाली, ती मात्र पेट्यांवर जाते. पेटीला ५ रुपये.

आता या डिस्ट्रिब्युटरच्या तीन लाईनी बघा.

पेठेच्या लाईनला महिन्याला १२ फेऱ्या, एकूण २४० किलोमीटर, ४८० बिलं आणि १,५०० पेट्या. खर्च येतो ४७,१०० रुपये, म्हणजे पेटीला ३१ रुपये ४० पैसे.

हायवेच्या लाईनला ४ फेऱ्या, २४० किलोमीटर, ८० बिलं आणि ५०० पेट्या. खर्च १४,१०० रुपये, पेटीला २८ रुपये २० पैसे.

घाटाच्या लाईनला ८ फेऱ्या, ७२० किलोमीटर, १६० बिलं आणि ४०० पेट्या. इथे डिझेलचे ७,२००, फेऱ्यांचे १२,०००, बिलांचे ६,४०० आणि पेट्यांचे २,००० मिळून होतात २७,६०० रुपये. म्हणजे पेटीला ६९ रुपये!

मार्जिन सगळीकडे ५० च आहे. त्यामुळे पेठेत २७,९०० रुपये सुटतात, हायवेवर १०,९०० सुटतात आणि घाटात ७,६०० रुपये खिशातून जातात. तिन्हींची बेरीज तीच, ३१,२००. सरासरीने जे झाकलं होतं, ते लाईनवार मांडल्यावर उघडं पडलं.

यात एक गंमत लक्षात घ्या. हायवेची दुकानं पेठेपेक्षा लांब आहेत, तरीही तिथली पेटी स्वस्तात पोचते. कारण तिथे एका बिलाला सरासरी सहा पेट्या जातात आणि पेठेत तीन. घाटात हाच आकडा अडीच आहे. म्हणजे निव्वळ अंतर खर्च ठरवत नाही. दुकानासमोर गाडी थांबल्यावर किती माल उतरतो, हेही तितकंच महत्त्वाचं.

मग घाटाची लाईन बंद करायची का?

इथेच बहुतेक जण फसतात. तोटा दिसला की लाईन बंद, असं वाटणं साहजिक आहे. पण बंद केल्यावर नेमका कोणता खर्च वाचतो, ते बघा.

लाईन बंद झाली की घाटातलं २०,००० रुपयांचं मार्जिन जाणार. वाचणार काय? डिझेल आणि टायरचे ७,२०० रुपये. ड्रायव्हरचा पगार चालू, टेम्पोचा हप्ता चालू, सेल्समन चालू, गोडाऊनचं भाडंही चालू. म्हणजे नफा ३१,२०० वरून थेट १८,४०० वर येतो. तोट्याची लाईन बंद करून धंदा आणखी खाली गेला.

असं का झालं? कारण लाईनवर टाकलेला प्रत्येक रुपया त्या लाईनमुळेच खर्च होतो असं नसतं. काही खर्च नुसता वाटून दिलेला असतो. टेम्पो फेरीच्या भाड्याने घेतलेला असता, तर गोष्ट वेगळी होती. मग फेऱ्यांचे १२,००० पण वाचले असते, एकूण बचत १९,२०० झाली असती आणि लाईन ठेवणं आणि बंद करणं जवळजवळ सारखंच पडलं असतं. एकच लाईन, एकच विक्री, पण गाडी कोणाची यावर निर्णय बदलतो.

तिसरा रस्ता म्हणजे दर आठवड्याऐवजी पंधरवड्याला जायचं आणि दुकानदाराला दुप्पट माल द्यायचा. फेऱ्या ८ च्या ४, बिलं १६० ची ८०, पेट्या तेवढ्याच ४००. खर्च येतो १४,८०० रुपये, म्हणजे पेटीला ३७. तोट्यातली लाईन ५,२०० रुपये नफ्यात!

पण थांबा, इथेही दोन अटी आहेत. पहिली, खर्च १२,८०० ने घटलेला दिसतो, पण लगेच हातात येतात ते डिझेलचे ३,६००. बाकीची बचत तेव्हाच खरी, जेव्हा टेम्पोचे मोकळे झालेले चार दिवस आणि सेल्समनचा वेळ दुसऱ्या लाईनला लागेल. दुसरी, वाडीतल्या दुकानदाराला पंधरा दिवसांचा माल भरायला पैसे लागतात. त्याच्याकडे ते नसले तर तो उधारी मागणार. उधारीचं व्याज आणि बुडीत रक्कम वरच्या हिशोबात धरलेली नाही. ती धरली की ५,२०० मधला बराच भाग तिकडे जाऊ शकतो.

यात दहा मिनिटांची डिलिव्हरी कुठे आली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घाटातला ७,६०० चा खड्डा कोण भरत होतं? मुख्यतः पेठेची लाईन. पेठेतली गिऱ्हाईकं आहेत म्हणून वाडीपर्यंत गाडी जात होती.

ॲपवाले येतात ते पेठेतच. घाटात ते जात नाहीत, कारण हाच हिशोब त्यांनाही लागू आहे. समजा, पेठेतल्या १,५०० पेट्यांपैकी ३०० पेट्या ॲपकडे गेल्या. दुकानं बंद झालेली नाहीत. प्रत्येक दुकान थोडा कमी माल घेतं, एवढंच. म्हणजे फेऱ्या तेवढ्याच, बिलंही तेवढीच. हमालीतली किरकोळ बचत सोडली तर खर्च ८८,८०० च राहतो. मार्जिन मात्र १५,००० ने घटतं. नफा ३१,२०० वरून १६,२०० वर येतो आणि सरासरी ओव्हरहेड पेटीला ३७ वरून ४२ रुपयांच्या पुढे जातो. विक्री घटली साडेबारा टक्के आणि नफा घटला जवळपास निम्मा.

अशा वेळी डिस्ट्रिब्युटर पहिली कात्री कुठे लावतो? घाटाच्या लाईनला. आधी फेऱ्या कमी होतात, मग "किमान पाच पेट्या घेणार असाल तरच गाडी येईल" असा निरोप जातो आणि शेवटी दुकानदारालाच तालुक्याला येऊन माल न्यावा लागतो. येण्याजाण्याचं भाडं त्याच्या अंगावर पडतं. पुड्यावर एमआरपी छापलेली असल्याने तो ते गिऱ्हाईकाकडून वसूल करू शकत नाही.

म्हणून डिस्ट्रिब्युटरांच्या मागण्यांकडे बघताना फक्त पेटीवरची सरासरी बघून चालत नाही. कंपनी सगळ्या पेट्यांना सारखंच मार्जिन देते, तेव्हा ती गृहीत धरते की शहराची कमाई खेड्याचा खर्च भरून काढेल. आता शहराची कमाईच फुटायला लागलीये. मग घाटाच्या लाईनला वेगळं मार्जिन किंवा फेरीमागे मदत कंपनीने द्यायची की नाही, हा खरा वाद आहे. आणि तो मांडायचा असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या हातात ३७ चा नाही, ६९ चा आकडा हवा. सोबत त्यातला किती खर्च गाडी न गेल्यावर खरंच वाचतो, हेही त्याला सांगता यायला हवं.