पहिला नंबर विकत मिळत असेल, तर ती यादी नव्हे, जाहिरात आहे

गेल्या वर्षी जूनमध्ये खालाच्या मुलीचा सीईटीचा निकाल लागला. ८४ पर्सेंटाइल. घरात इंजिनिअर होणारी ती पहिलीच. आनंदाच्या भरात तिने मोबाइलवर ‘महाराष्ट्रातली टॉप इंजिनिअरिंग कॉलेजेस’ शोधलं आणि समोर आलेल्या एका साइटवर नाव, नंबर टाकून ‘मोफत समुपदेशन’चं बटण दाबलं. दहा मिनिटांत फोन. ‘दीदी, सीट्स भरत चालल्यात. मॅनेजमेंट कोट्यातून आजच बुक करा, कॅपच्या भानगडीत पडू नका.’ खालूंनी भिशीतले दहा हजार त्याच संध्याकाळी पाठवून दिले. कॉलेज कोणतं? साइटच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेलं.

मला कळलं तेव्हा दहा हजार गेले होते. ते आजपर्यंत परत आलेले नाहीत. पण त्याहून मोठं नुकसान व्हायचं बाकी होतं. मुलीकडे ओबीसीचं प्रमाणपत्र आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात अशा मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. अट एक: प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ही माफी गेली. खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या मुलामुलींना मिळणारी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीही तशीच जाते. फोनवरच्या भाईने हे सांगितलं नाही. का सांगावं? त्याचा पगार कॉलेजांकडून येणाऱ्या पैशातूनच निघत होता.

त्या रात्री मी ती साइट तळापर्यंत वाचली. पहिल्या पाच कॉलेजांच्या नावाशेजारी फिकट राखाडी रंगात ‘Featured’ असं लिहिलं होतं, मोबाइलवर दिसेल न दिसेल इतकं बारीक. मग मी शुल्काचा फिल्टर लावला: कमी ते जास्त. बाकीची यादी हलली, ही पाच कॉलेजं जागची हलली नाहीत. जिल्हा बदलला, तरी तीच वर. गुणवत्तेने आलेला क्रमांक निकष बदलला की बदलतो. विकत घेतलेली जागा बदलत नाही. तळाशी ‘For Colleges’ नावाचं पान होतं. तिथे कॉलेजांना ‘यादीत वर दिसा, विद्यार्थ्यांचे नंबर मिळवा’ असं आमंत्रण होतं. साइटने काहीच लपवलं नव्हतं. फक्त आपण जिथे बघतो तिथे ते सांगितलं नव्हतं.

कुणी म्हणेल, साइट फुकट आहे, तिने कुठून तरी कमवायला नको का? वर्तमानपत्रातही जाहिराती असतातच की. असतात, पण चौकटीत असतात, आणि ती जाहिरात आहे हे शाळकरी पोरालाही कळतं. कॉलेजने साइटवर चौकट विकत घ्यावी, माझी हरकत नाही. हरकत आहे ती जाहिरातीला ‘क्रमांक १’ लिहिण्याला. क्रमांक म्हणजे कुणीतरी तुलना केली असा दावा आहे. तुलना न करता क्रमांक देणं ही कमाई नव्हे, फसवणूक आहे.

हा माझा वहिमही नाही. अमेरिकेत २०१७ साली फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने व्हिक्टरी मीडिया नावाच्या कंपनीवर हाच ठपका ठेवला. तिच्या साइटवर सैनिकांसाठी कॉलेज शोधायचं साधन होतं. ते ‘सैनिकांसाठी चांगली’ ठरलेली कॉलेजं दाखवतं, असा दावा होता. प्रत्यक्षात त्यात पैसे भरणारीच कॉलेजं दिसत. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत माहितीच्या वेषातली छुपी जाहिरात हा प्रकार स्पष्टपणे नोंदवला आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तिची तक्रार करता येते. आम्ही केली. स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण यादी उद्या बदललेली असते.

आता ‘९२ टक्के प्लेसमेंट’चं बघू. त्या पहिल्या क्रमांकाच्या कॉलेजासमोर हाच आकडा झळकत होता, सोबत ‘सर्वोच्च पॅकेज ४४ लाख’. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ मानांकनात भाग घेणाऱ्या कॉलेजांना त्यासाठी दिलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती पीडीएफ सापडली. त्यात चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा तक्ता असतो: किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्यक किती, पुढे शिकायला किती गेले. प्रवेश घेतलेले ४२०. वेळेत पास झालेले ३१०. नोकरी लागलेले ११८. पुढे शिकायला गेलेले २१. मध्यक पगार ३ लाख २० हजार.

मग ९२ टक्के आले कुठून? कॉलेजच्या प्लेसमेंटच्या पानावर उत्तर होतं: ‘नोंदणीकृत विद्यार्थी १२८’. ११८ भागिले १२८, झाले ९२ टक्के. ज्यांचे विषय राहिलेत त्यांना नोंदणीच करू द्यायची नाही, की टक्का आपोआप चढतो. पास झालेल्या ३१० जणांत मोजलं तर ३८ टक्के, प्रवेश घेतलेल्या ४२० जणांत मोजलं तर २८. आणि ४४ लाख एका मुलाला मिळाले. मध्यक सांगतो की नोकरी लागलेल्यांतल्या निम्म्यांना ३ लाख २० हजार किंवा त्याहूनही कमी मिळाले. एनआयआरएफची माहितीही कॉलेजंच भरतात, तीही डोळे मिटून मानू नका. पण तिथे निदान भाजक दिसतो, आणि खोटं लिहिलं तर ते सरकारदरबारी लिहिलेलं असतं.

कटऑफचंही तसंच. साइटवर एका कॉलेजापुढे एकच आकडा होता आणि तो बघून मुलगी म्हणाली, ‘भाईजान, मला इथे मिळणारच नाही.’ सीईटी कक्ष प्रत्येक फेरीची कटऑफ यादी पीडीएफमध्ये टाकतो, शाखेनुसार आणि प्रवर्गानुसार. साइटने GOPENS म्हणजे खुल्या गटाचा आकडा उचलला होता. हिला बघायचा होता तो LOBCS, ओबीसी मुलींचा, आणि तोही तिसऱ्या फेरीचा. सांगली जिल्ह्यातलं एक कॉलेज साइटच्या यादीत दुसऱ्या पानावरही नव्हतं. तिथे गेल्या वर्षी या रकान्यात ८१ ला प्रवेश बंद झाला होता. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर त्याचं मंजूर शुल्क पाहिलं आणि एनआयआरएफची पीडीएफ उघडली. वेळेत पास झालेल्यांत निम्म्याहून जास्त जणांना नोकरी होती. कॅपमध्ये तेच वर भरलं. आज ती तिथे दुसऱ्या वर्षाला आहे, शिक्षण शुल्क शून्य.

या कामाला एक रात्र आणि तीन सरकारी वेबसाइट लागल्या. त्या दिसायला भिकार आहेत, मोबाइलवर नीट उघडत नाहीत, पीडीएफ शेकडो पानांची. कॉलेज विकणाऱ्या साइट गुळगुळीत आहेत, कारण त्या गुळगुळीतपणाचे पैसे कॉलेज देतं आणि शेवटी फीमधून तुमचे अब्बा देतात. आपल्यात पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलांना घरात विचारायला कुणी नसतं, म्हणून ती या याद्यांना विचारतात. या याद्या पत्ता आणि शाखा शोधायला वापरा. क्रमांक मात्र तिथे विचारू नका, आणि आपला मोबाइल नंबर तर अजिबात देऊ नका. तुमच्या मोहल्ल्यात यंदा कुणी बारावीला असेल, तर फॉर्म भरायच्या आधी त्याच्या शेजारी बसून LOBCS, GOBCS, GOPENS यांतला त्याचा रकाना शोधून द्या. दहा हजारांपेक्षा हे स्वस्त पडतं.