“घरी विचारून सांगते” म्हणणाऱ्या ग्राहकाला रिकाम्या हाताने पाठवू नका



विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये एक वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ग्राहक दुकानाची पायरी उतरला की गेला, म्हणून त्याला आजच बंद करा. मग त्यासाठी ठरलेली उत्तरं पाठ करून घेतात. “विचार करायचं काय आहे मॅडम?”, “स्कीम आज रात्रीपर्यंतच आहे”, “सरांना आत्ताच फोन लावा ना.”

माझं मत याच्या उलट आहे. ग्राहकाला जाऊ द्या, फक्त रिकाम्या हाताने जाऊ देऊ नका. मी ट्रॉम्ब्यात घरगुती उपकरणांचं दुकान चालवतो, त्यामुळे उदाहरण वॉशिंग मशीनचं देतो. तुम्ही शिलाई मशीन विका, फर्निचर विका किंवा ब्युटी पार्लरचं पॅकेज विका, पद्धत हीच लागू पडते.

आधी हे समजून घ्या की “घरी विचारते” हे बहुतेक वेळा खरं असतं. आपल्या भागात दहा-पंधरा हजारांची वस्तू एकटं कुणी घेत नाही. वापरणार ताई, हप्ता भरणार मिस्टर, जागा कुठली द्यायची ते ठरवणार सासूबाई, आणि “मशीनमधलं कळतं” म्हणून ज्याला विचारतात तो भाऊजी. या चौघांपैकी दुकानात येतं एकच माणूस. तुम्ही अर्धा तास समजावलेलं सगळं त्या एका माणसाने रात्री जेवताना बाकीच्या तिघांना सांगायचं असतं. आणि तिला आठवतं काय? रंग, किंमत आणि “चांगली होती.” तिथे पहिला उलटा प्रश्न आला की विषय संपतो. तुमची विक्री दुकानात नाही, त्या जेवणाच्या वेळी हातची जाते.

म्हणून “का?” विचारू नका. “का” विचारलं की माणूस बचावात जातो आणि काहीतरी सभ्य कारण देतो. त्याऐवजी असं विचारा: “हो ताई, विचारूनच घ्या. घरी पहिला प्रश्न काय विचारतील असं वाटतं?” हा प्रश्न विचारून गप्प बसा. पाच सेकंद शांतता राहिली तरी मध्ये बोलू नका.

एक प्रसंग सांगतो. चीता कॅम्पमधल्या एक ताई सात किलोचं फुल्ली ऑटोमॅटिक मशीन बघत होत्या. मशीन पसंत होतं, बजेट होतं, तरी शेवटी “मिस्टरांना विचारून सांगते” म्हणाल्या. मी वरचा प्रश्न विचारला. थोडं थांबून त्या म्हणाल्या, “ते विचारतील, पाणी सकाळी दोन तास येतं, मग मशीन लावणार कधी? तेव्हा तर माझे डबे असतात.”

बघा, मिस्टरांचं नाव घेतलं तरी शंका त्यांची स्वतःची होती, आणि बरोबर होती. फुल्ली ऑटोमॅटिक मशीन नळाला जोडावं लागतं आणि ते स्वतःच ठरवतं पाणी कधी घ्यायचं. धुताना घेतं, खळबळताना परत घेतं. नळाचं पाणी मध्येच गेलं किंवा प्रेशर कमी पडलं की मशीन अडकून राहतं आणि एरर दाखवतं. घरावर टाकी असेल, तीही पुरेशा उंचीवर, तर काम होतं. खोलीत ड्रम भरून ठेवला असेल तर नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. सेमी ऑटोमॅटिकला मात्र ड्रममधून बादलीने पाणी घातलं तरी चालतं. मेहनत जास्त, कारण कपडे धुण्याच्या भागातून सुकवण्याच्या भागात हाताने टाकावे लागतात, पण नळावर अवलंबून राहावं लागत नाही.

मी हे त्यांना सांगितलं आणि एका कागदावर लिहून दिलं. मी याला घरची चिठ्ठी म्हणतो. त्यात चार गोष्टी होत्या. पहिली, दोन्ही मशीनची नावं आणि पूर्ण किंमत: फुल्ली 16,500, सेमी 10,500, डिलिव्हरी आणि फिटिंगसह. दुसरी, लांबी, रुंदी, उंची, म्हणजे घरी मोरीजवळ टेप लावून बघता येईल. सेमी मशीन दोन भागांचं असल्यामुळे जास्त रुंद असतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. तिसरी, त्यांच्याच शंकेचं उत्तर: “वरती टाकी असेल तर फुल्ली, ड्रम असेल तर सेमी.” चौथी, हा भाव कोणत्या तारखेपर्यंत आहे ती तारीख आणि माझा नंबर.

दोन दिवसांनी ताई, मिस्टर आणि सासूबाई असे तिघे आले. चिठ्ठी सासूबाईंच्या हातात होती. टेपने माप घेऊन झालं होतं. सेमी ऑटोमॅटिक घेतलं.

तुम्ही म्हणाल, दादा, साडेसोळाची विक्री साडेदहावर आली, यात काय कमावलं? हिशोब पुढे बघा. त्या दिवशी दबाव टाकून फुल्ली दिलं असतं, तर पहिल्याच आठवड्यात “मशीन चालत नाही” म्हणून फोन आला असता. मेकॅनिक जाऊन सांगणार, मशीन ठीक आहे, पाणी नाही. कंपनी अशा मशीनला खराब मानत नाही, म्हणजे बदलून मिळत नाही. वापरलेलं मशीन परत घेतलं तर ते मला नवीन म्हणून विकता येत नाही. आणि गल्लीत माझं नाव काय झालं असतं ते वेगळंच.

आता पैशाची बाजू. हप्त्यावर घेणारा ग्राहक “विचार करतो” म्हणाला की काउंटरवरचा फायनान्सवाला पोरगा घाई करतो: “आजच सही करा, उद्या ही ऑफर राहील की नाही माहीत नाही.” इथे तुम्हाला एक नियम माहीत हवा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि एनबीएफसी यांनी असं वैयक्तिक कर्ज देताना ग्राहकाला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यायचं असतं. कर्जाचा खरा वार्षिक दर, सगळी फी, हप्त्यांचा तक्ता त्यात असतो आणि तो कागद ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हवा. महत्त्वाचं म्हणजे, सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात तो कागद किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहतो. त्या काळात ग्राहकाने होकार दिला तर कर्ज देणाऱ्याला त्याच अटी पाळाव्या लागतात. क्रेडिट कार्डावरच्या खरेदीला हा नियम लागत नाही, ते लक्षात ठेवा.

म्हणजे “घरी विचारते” म्हणणाऱ्या ताईंना विचार करायची मुदत नियमातच दिलेली आहे. तो कागद मागून घ्या आणि चिठ्ठीला जोडा. सोबत साधा हिशोब लिहा. समजा, 16,500 च्या मशीनला दहा महिने 1,650 चा हप्ता, “व्याज नाही.” वर प्रोसेसिंग फी 500 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी 90, म्हणजे एकूण 17,090. आणि तेच मशीन रोखीने तुम्ही 15,900 ला देत असाल, तर हप्त्याची खरी किंमत 1,190 रुपये झाली. हे तुम्ही आधी सांगा. भाऊजी नंतर शोधून काढणारच आहे, आणि त्याने शोधलं की तुम्ही लपवलं असं होतं.

“आज रात्रीपर्यंतच” या वाक्याबद्दलही बोलू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्न्सविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 13 प्रकार दिलेत आणि पहिलाच आहे खोटी घाई, म्हणजे माल संपत आलाय किंवा वेळ संपत आलीय असं खोटं भासवणं. त्या ऑनलाइन व्यवहारासाठी आहेत. तुमचं ऑनलाइन दुकान असेल तर थेट लागू, आणि काउंटरवर लागू नसल्या तरी ग्राहकाला हा खेळ आता ओळखू येतो. कंपनीची स्कीम खरंच 31 तारखेला संपत असेल तर जरूर सांगा, ते सांगणं तुमचं कामच आहे. फक्त तारीख खरी ठेवा. 31 तारीख म्हणालात आणि 5 तारखेला तोच भाव दिलात, तर पुढच्या वेळी तुमची कुठलीच तारीख कुणी मानणार नाही.

एक आक्षेप नेहमी येतो: “चिठ्ठी दिली तर ती घेऊन चेंबूरच्या दुकानात जातील, नाहीतर ऑनलाइन भाव बघतील.” काही जण जातात. पण ते चिठ्ठीशिवायही गेलेच असते, मॉडेलचा फोटो मोबाईलमध्ये असतोच. फरक इतकाच की चिठ्ठीवर डिलिव्हरी आणि फिटिंग धरून भाव आहे, तर समोरच्याचा भाव ते त्याच मापाने मोजतात. आणि तुमचा भाव खरंच दोन हजारांनी जास्त असेल, तर ती अडचण भावाची आहे. तिथे बोलण्याची कला कामी येत नाही.

फोन कधी करायचा? निघतानाच विचारून घ्या: “रविवारी संध्याकाळी फोन केला तर चालेल?” तारीख ग्राहकाने दिली तर तो फोन त्रास वाटत नाही. त्या दिवशी एकच फोन, आणि पहिलं वाक्य त्यांच्या शंकेवर: “ताई, जागेचं माप बसलं का?” “काय ठरवलं?” असं विचारू नका. फोन उचलला नाही तर एक मेसेज टाका आणि थांबा.

सभ्य नकार ओळखणं अवघड नाही. ज्याला घरी काय विचारतील ते सांगता येत नाही, जो माप घ्यायला तयार नाही आणि फोनचा वारही देत नाही, तो बहुतेक घेणार नाही. त्याला हसून निरोप द्या, चहाचं विचारा, वेळ पुढच्या ग्राहकाला द्या. तसंच तीनशे रुपयांच्या इस्त्रीच्या टेबलासाठी चिठ्ठी लिहीत बसू नका, त्यात तुमचा वेळच जास्त महाग पडतो.

उद्यापासून काउंटरवर एक वही ठेवा. तारीख, वस्तू, “घरी काय विचारतील” याचं ग्राहकाच्याच शब्दांतलं उत्तर, फोनचा दिवस, शेवटी काय झालं. महिन्याभराने तिसरा रकाना वाचा. एकच प्रश्न पाच-सहा वेळा आला असेल, तर त्याचं उत्तर तुम्ही मशीन दाखवतानाच द्यायला हवं होतं. माझ्या वहीत तो प्रश्न पाण्याचा निघाला. म्हणून आता ग्राहक मशीनला हात लावायच्या आधीच मी विचारतो, “तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?”

तुमच्या वहीत कुठला प्रश्न सगळ्यात जास्त आला, ते महिन्याने कमेंटमध्ये लिहा.