नमस्काराची जात आणि बाकावरचा समाज

आमच्या कार्यकर्त्यांपैकी काहींना टपरीचा राग आहे. अभ्यासवर्गाला वेळ नाही, मोर्चाला वेळ नाही, पण सकाळ-संध्याकाळ टपरीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार घालायला यांना वेळ आहे, असे ते आमच्याविषयी म्हणतात. दुसऱ्या बाजूला पुरोगामी म्हणवणारे काही लेखक आहेत. त्यांच्या लेखी टपरी म्हणजे जातीअंताचे तीर्थक्षेत्र! कटिंग चहाला जात नसते, बागेतल्या बाकाला धर्म नसतो, असली वाक्ये ते लिहितात आणि लोक ती पुढे पाठवतात. आमचे म्हणणे असे की दोघेही चूक आहेत, आणि दोघांची चूक एकाच जागी आहे. रोजच्या नमस्कारातून नेमके काय घडते आणि काय घडत नाही, हे दोघांनीही नीट पाहिलेले नाही.

सुरुवात एका बागेपासून करू. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. त्या खोलीत अभ्यासाला निवांत जागा नव्हती. म्हणून विद्यार्थी भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार रोज वाचायला येत. एक मुलगा रोज येतो, रोज वाचतो, हे त्यांच्या नजरेत भरले. मग त्यांनी विचारले, तू कोण, कुठला? उत्तर ऐकल्यावर त्यांनी बाक बदलला नाही. उलट काय वाचावे हे सांगू लागले. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यानिमित्त सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचे शिक्षण पैशाअभावी अडले तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकणारे केळुसकरच होते. त्यातून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

ही गोष्ट आपण नेहमी थोर गुरू आणि गुणी शिष्य म्हणून सांगतो. आमचा त्याला आक्षेप आहे. गुण तर होतेच, गुरूंचे मनही मोठे होते. पण ही दोन माणसे एकमेकांना भेटली कुठे? केळुसकरांच्या घरी नाही, परळच्या चाळीत नाही. ती भेटली एका सार्वजनिक बागेत, जिथे बसायला कुणाची ओळख, वर्गणी किंवा आमंत्रण लागत नव्हते. आणि ती पहिल्या दिवशी भेटली नाहीत. आधी रोज दिसणे झाले, मग दखल झाली, मग प्रश्न आला. बाग एक दिवसाआड बंद असती, किंवा दारावर तिकीट असते, तर हा प्रश्न कुणी कुणाला विचारला असता?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 चा लेख वाचला होता. त्यांचे म्हणणे साधे आहे. घट्ट नात्यातली माणसे बहुधा आपल्यासारखीच असतात आणि आपल्याला ठाऊक तेच त्यांना ठाऊक असते. नवी बातमी, नवी नोकरी, नवी वाट बहुधा पातळ ओळखीतून येते. आपल्या देशात याचा अर्थ अधिक कठोर आहे, कारण इथे घट्ट नाते म्हणजे सोयरीक, आणि सोयरीक म्हणजे जात. जातीबाहेरच्या माणसाशी आपले जे काही नाते असते ते बहुतेक वेळा पातळच असते. 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी चांगल्या समाजाचे लक्षण सांगताना मोकळ्या संपर्काच्या जागांवर भर दिला. समाजाच्या एका भागातले दुसऱ्या भागात झिरपले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. झिरपायला काहीतरी सच्छिद्र लागते. टपरी, वाचनालय आणि बाग ही ती छिद्रे आहेत. म्हणून टपरीवर रागावणाऱ्या मित्रांना आम्ही सांगतो, भाऊ, तुम्ही ज्याला टाइमपास म्हणता त्यातूनच अनेकांना फॉर्मची शेवटची तारीख कळलेली आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. त्यासाठी आमच्या नागपुरातली एक हकीकत सांगतो.

आमच्या भागात चौकात टपरी, तिथून हाकेच्या अंतरावर वाचनालय, आणि त्यामागे लहानशी बाग. सकाळी साडेसहाला चार वयस्क माणसे बागेतल्या एकाच बाकावर बसत. आठला टपरी, नऊला वाचनालय उघडले की वर्तमानपत्रे. आम्ही त्यांना वर्षानुवर्षे नमस्कार घालत आलो. त्यातले एक बंद पडलेल्या मिलमधले कामगार. सगळे त्यांना काकाजी म्हणत. बिनसाखरेचा चहा, पेपरातली आधी शेवटची पाने, मग पहिली. एवढे आम्हाला माहीत. मे महिन्यात ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी टपरीवाल्याने विचारले, “काकाजी दिसले नाहीत भाऊ, गावाला गेले का?” तेव्हा आमच्या लक्षात आले की आमच्यापैकी एकालाही त्यांचे नाव माहीत नाही, घर माहीत नाही, फोन तर नाहीच. रोजच्या नमस्काराची ही पहिली मर्यादा. माणूस नाही हे त्याला सर्वांत आधी कळते, पण माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही.

पत्ता मिळाला वाचनालयात. काकाजी वर्गणीदार सभासद होते आणि सभासदांच्या रजिस्टरमध्ये नाव, गल्ली, सगळे लिहिलेले होते. ग्रंथपालांनी रजिस्टर काढले, आम्ही तिघे आणि बाकावरचे एक निवृत्त कारकून असे निघालो. पत्र्याच्या खोलीत काकाजी अंगात ताप भरून, धड बोलता येत नाही अशा अवस्थेत पडलेले होते. मुलगा पुण्याला. शेजारच्यांना वाटले, झोपले असतील. ओले फडके अंगावर टाकत रिक्षाने दवाखान्यात नेले. उष्माघात होता. वाचले.

उन्हात माणूस उन्हाने मरतो हे अर्धेच खरे आहे. 1995 च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या. ऊन दोन्हीकडे सारखेच. पण कृष्णवर्णीयांच्या, उद्योग बंद पडून ओसाड झालेल्या वस्तीत मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या लॅटिनो वस्तीपेक्षा कितीतरी पट जास्त होते. तिथे दुकाने उठून गेली होती, रस्ते ओस होते, म्हाताऱ्यांना बाहेर पडायला कारण आणि धीर दोन्ही उरले नव्हते. शेजारच्या वस्तीत रस्ता गजबजलेला होता. लोक बाहेर पडत, दुकानातल्या गारव्यात टेकत, आणि कोण आला नाही हे कुणाच्या तरी लक्षात येई.

पण आमची हकीकत इथे संपत नाही, आणि ‘चहाला जात नसते’ म्हणणाऱ्यांनी पुढचे नीट ऐकावे. काकाजींच्या गल्लीच्या तोंडाशी निळा झेंडा होता आणि आत विहार. चौघांपैकी बाकीच्या तिघांना काकाजींचे आडनाव इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळले. कारकूनकाका खोलीत आले, पाणी प्यायले, नंतर डबाही घेऊन आले. चौथे गृहस्थ भेटायला आले नाहीत. काकाजी बरे होऊन बागेत आले तेव्हा या गृहस्थांनी फिरायची वेळ साडेसातवर नेली होती. कुणी काही बोलले नाही, भांडण झाले नाही. ‘सवड मिळत नाही’ एवढेच.

नमस्कारात जात अशी शिरते. शिवी देत नाही, फक्त आखडते. ‘नमस्कार, काय म्हणता?’ चा ‘नमस्कार’ होतो, त्याची मान हलवणे होते, मग नजर पेपरात जाते. वाचनालयाच्या टेबलावर पेपर हातात देणारा माणूस तो टेबलावर ठेवून सरकवू लागतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आमच्या पोरांना हे रोज दिसते. ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न कोणत्या दिवशी आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नमस्कार कसा होता, हे ते अचूक सांगू शकतात. टपरीचेही तेच. गावात वेगळी कपबशी होती, ती बाहेर खुंटीला टांगलेली दिसत होती म्हणून तिच्याविरुद्ध लढता आले. शहरात कागदी कप आला आणि सगळ्यांचेच कप वेगळे झाले. त्याने मन बदलले असे आम्ही मानायला तयार नाही.

नमस्कार हा निरुपद्रवी शब्द कधीच नव्हता. महारांनी वरच्यांना ‘जोहार’ घालायचा, हा दंडक होता. कोण कुणाला काय म्हणून हाक देतो यावरून माणसाची पायरी ठरत होती. कामठीच्या बाबू हरदासांनी ‘जय भीम’ रूढ केला तो या पार्श्वभूमीवर. म्हणून बागेत ओळखीच्या माणसाला हळू आवाजात जय भीम करून बाकीच्यांपुढे ‘नमस्कार’ म्हणणाऱ्या आमच्याच मित्रांना आमचा प्रश्न आहे: आडनाव लपवून टिकलेली ओळख किती दिवस टिकवायची? केळुसकरांच्या प्रश्नाला भीमरावांनी खरे उत्तर दिले, आणि त्या उत्तरानंतर जे उरले तेच खरे नाते होते.

एक दोष आमचाही. आम्ही ज्या टपरीचे गोडवे गातो तिथे आमच्या मैत्रिणी चौघी मिळूनच येतात. एकटी बाई टपरीवर उभी राहिली तर तिला एक तर कुणी नमस्कार करत नाही, किंवा नको तितके लोक करतात. बाकावर निवांत बसलेली बाई म्हणजे कुणाची तरी वाट पाहणारी, असाच समज. या शांत समाजात अर्धे लोक नाहीत आणि त्याचे उत्तर आमच्याकडे अजून नाही.

चळवळीने यात करायचे काय? कामे साधी आहेत, पण चिकाटीची. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा टपरीवाल्यासाठी दगड घेऊन धावणारे खूप असतात, पण सर्वेक्षणात त्याचे नाव आहे का, त्याच्याकडे विक्रीचे प्रमाणपत्र आहे का, हे आधी पाहणारे कमी. बाग दुपारी कुलूपबंद का असते, हे नगरसेवकाला विचारा. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला सावली नेमकी दुपारीच लागते. आणि वाचनालयाचे सभासद व्हा. फुकट पेपर वाचून उठू नका, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता येऊ द्या.

काकाजी आता पुन्हा येतात. टपरीवाल्याने त्याच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर रोजच्या गिऱ्हाइकांची नावे, गल्ली आणि एकेक फोन नंबर लिहायला घेतले आहेत. सतरा नावे झाली. साडेसातवाल्या गृहस्थांचेही नाव त्यात आहे. ते काकाजींनीच सांगून लिहवून घेतले.