थट्टा करावी ती प्रेमाने

वादळी रात्र असते. घड्याळात बाराचे ठोके पडतात. एकाएकी दिवे विझतात आणि अंधारातून किंकाळी ऐकू येते! एवढे वाचले की आपण लगेच ओळखतो, ही गुप्तहेराची कथा आहे. अशा ओळखीच्या कथेची ढब उचलून तिची गमतीने नक्कल करणे, याला मराठीत विडंबन म्हणतात.

आपल्या वसई तालुक्यातील अर्नाळा हे गाव तुम्हांला माहीत आहेच. या गावाचे नाव मराठी रहस्यकथेच्या इतिहासात कायमचे राहिले आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६ ते १९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंझार आणि काळापहाड हे त्यांचे नायक घरोघरी पोहोचले. उर्दूत हेच काम इब्ने सफी यांनी केले. १९५२ साली अलाहाबादेत त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि फरीदी व हमीद ही जोडी वाचकांची लाडकी झाली. तुमच्यापैकी काहींच्या दादाजानांनी ती पुस्तके जपून ठेवली असतील.

म्हणूनच विडंबन लिहिताना एक प्रश्न उभा राहतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या कथा आवडीने वाचल्या, त्यांची थट्टा करावी का? माझे मत असे की जरूर करावी. पण त्या कथा वाचून, त्यांच्यावर प्रेम करून. आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' या संग्रहात कवितांची विडंबने केली. ते स्वतः कवी होते. कविता कशी लिहितात हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच ती थट्टा जमली.

आमच्या वर्गात आम्ही एक विडंबन लिहायला घेतले. विषय अगदी लहान निवडला : घरातली सुकेळी नाहीशी होतात. सुकेळी म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला आपल्या वसईचा खाऊ. पहिल्या मसुद्यात मुलांनी गुप्तहेर तुफान याला निव्वळ मूर्ख केले. तो पायरीवर आपटतो, टोपी हरवतो, उलटा कोट घालतो. दोन ओळींपर्यंत वर्ग हसला, मग कंटाळला. हे असे का झाले? कारण पायरीवर कोणीही आपटू शकतो. त्यात गुप्तहेरकथेचे काहीच नव्हते. दुसऱ्या वेळी आम्ही तुफानला हुशार ठेवले. फक्त त्याची सारी हुशारी सुकेळ्यांसाठी खर्च केली :

'रात्रीचे बारा वाजले! घरातले घड्याळ बंद होते, म्हणून दादाजानांनी परंपरेप्रमाणे ताटावर चमच्याने बारा ठोके दिले. तेवढ्यात अम्मी किंचाळली. सुकेळ्यांचा डबा रिकामा होता! तुफान दाढी लावून, वेष पालटून दारात उभा राहिला. "तुफान, दाढी तिरकी लागली आहे. आत ये, चहा घे," अम्मी म्हणाली. चहा संपवून त्याने सर्वांना एका खोलीत जमवले. "बारावा ठोका उशिरा पडला!" तो गरजला. "का? कारण चमचा बोटांना चिकटला होता! दादाजान, हात दाखवा!" दादाजान शांतपणे म्हणाले, "शाब्बास. पण अकरावा ठोका पडला तेव्हाच डबा रिकामा झाला होता. तू एक ठोका उशिरा आलास."'

यात मध्यरात्र, किंकाळी, वेषांतर आणि शेवटी सर्वांना एकत्र जमवणे, हे सारे खऱ्या रहस्यकथेतलेच आहे. कथेतील एकही माणूस हसत नाही. हसायचे ते वाचकाने. शिवाय ठोक्यांचा जो विनोद सुरुवातीला येतो, तोच पुढे पुरावा ठरतो. विडंबनातही चोर पुराव्यानेच सापडला पाहिजे. नाहीतर वाचकाला फसवल्यासारखे वाटते.

'दुसऱ्या भाषेत अर्ज आणि पत्रे लिहायला शिकलो तरी पुरे,' असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. 'तो म्हणाला' आणि 'तो गरजला' यांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याच्याच कानांत ती भाषा शिरलेली असते. विडंबन लिहिताना हाच कान लागतो.

आपले विडंबन जमले की नाही, हे कसे ओळखावे? ज्यांनी अशी शंभर पुस्तके वाचली आहेत, त्यांना ते वाचून दाखवा. आमच्या एका विद्यार्थ्याने ही कथा आपल्या दादाजानांना ऐकवली. ते खूप हसले. मग उठले, कपाटातून 'जासूसी दुनिया'चा एक जुना अंक काढला आणि नातवाच्या हाती देऊन म्हणाले, "आता खरी वाच."