दगडाला मलमपट्टी

कवठे महांकाळच्या एका गिरणीवाल्याने मला विचारलं, "साहेब, दगडाला मलमपट्टी करायची म्हंजी औषध कुठलं लावायचं?"

चक्कीबरोबर आलेल्या मराठी पुस्तिकेत तसंच छापलं होतं. मुळात शब्द होता 'ड्रेसिंग'. पिढ्यान् पिढ्या आपण त्याला टाकी लावणं म्हणतो. भाषांतरकाराला जखम आठवली, जातं आठवलं नाही. असल्या पुस्तिका शब्दांवर पैसे घेऊन मीही केल्या आहेत, म्हणून ही शिवी आधी मला.

हसून सोडण्यासारखी ही चूक नाही. दगड बोथट झाला की ज्वारी कापली जात नाही, नुसती चिरडली जाते. पीठ हाताला चटका देतं, मोटर कण्हते आणि दुसऱ्या दिवशी बाई डबा आपटते : "विरी गेली, भाकरी थापताना फाटतीय." पुस्तिकेतून काही उमगत नाही, म्हणून मालक चाक आवळतो. दगड आणखी जवळ येतात, पीठ आणखी तापतं.

पुढचं पान तर कहर. 'ड्रेसिंगोत्तर प्रथम उत्पादन अस्वीकृत करावे.' अहो, सरळ लिहा ना : टाकी लावल्यावर दगडाची बारीक कच सुटते, तेव्हा आधी दोन-चार किलो हलकं धान्य दळा आणि ते पीठ फेकून द्या. हे न कळल्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाच्या भाकरीत कच येते, आणि बदनाम होतो गिरणीवाला.

तिसरी गंमत : 'दगड रिकामे धावू नयेत.' म्हणजे काय, तर धान्य पडायला लागल्याशिवाय दगड जवळ आणायचे नाहीत, आणि धान्य संपत आलं की आधी चाक सैल करायचं. नाहीतर दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, खाचा झिजतात.

कारखानदार म्हणतात, मिस्त्री येऊन सांगतोच की. मिस्त्री एकदाच येतो, दगड मात्र पुन:पुन्हा बोथट होतो. आणि वॉरंटी नाकारताना याच पुस्तिकेवर बोट ठेवलं जातं, ते कसं?

शुद्धतेचे भक्तही कमी नाहीत. वरच्या दगडाला 'धावक पाषाण' म्हणणारा माणूस गिरणीत कधी पिठाने पांढरा झालेला नसतो. याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीने १९१० पासून लोखंडी नांगर बनवले आणि १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मराठी मासिक काढलं. यंत्रं बनवणाऱ्यांना गिऱ्हाइकाशी मराठीत बोलता येत होतं. शंभर वर्षांनी ती अक्कल कुठे झिजली?

माझी मागणी एकच. छापण्याआधी पुस्तिका चालू गिरणीत मोठ्याने वाचा. मालकाचा हात चाकावर असू द्या. जिथे तो थांबून "म्हंजी?" विचारेल, ते वाक्य खोडा.

त्या गिरणीवाल्याला मी सांगितलं, "औषध नको, टाकी लावा."

तो म्हणाला, "मग तसं लिहायला काय झालं हुतं?"