बदामाच्या पेयात बदाम किती?

गाईम्हशीचे दूध ज्यांना पचत नाही, ज्यांनी ते तत्त्व म्हणून वर्ज्य केले आहे, किंवा ज्यांच्या घरी ते वैद्यकीय सल्ल्याने बंद झाले आहे, अशा वाचकांची पत्रे या सदराकडे अलीकडे वारंवार येतात, आणि त्या सर्वांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो: सोया, बदाम, ओट, तांदूळ यांची जी पेये दुकानदाराने दुधाच्या शेजारी मांडून ठेवलेली असतात, त्यांतले कोणते दुधाच्या जागी चालेल? उत्तर खोक्याच्या पाठीवर किंवा कडेला, भिंग लावल्याशिवाय दिसू नये अशा अक्षरांत, दोन ठिकाणी छापलेले असते. एक घटकांची यादी आणि दुसरा पोषणमूल्यांचा तक्ता. चिकित्सक म्हणवणारे ग्राहकही तक्त्यावर नजर फिरवतात आणि यादी सोडून देतात. मला मात्र यादी हाच अव्वल दस्तऐवज वाटतो. तक्ता हा त्याचा जमाखर्च, आणि मूळ दस्तऐवज न वाचता जमाखर्च तपासणाऱ्याची गफलत व्हायचीच.

तुलनेसाठी दुधाचे आकडे प्रथम हाताशी असावेत. आपल्याकडे पिशवीतून येणारे टोन्ड दूध घेतले, तर १०० मिलिलिटरमध्ये प्रथिने तीन ग्रॅम किंवा किंचित अधिक, कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम, आणि साखर पाच ग्रॅमच्या आसपास असते. ही साखर म्हणजे दुधाची स्वतःची दुग्धशर्करा, कोणी वरून घातलेली नव्हे. म्हशीच्या दुधात प्रथिने याहून थोडी जास्त असतात. एवढे तीन आकडे स्मरणात असले की पुढचे काम त्रैराशिकाचे आहे.

आता बदामाच्या पेयाचा एक खोका उदाहरणादाखल घेऊ. नाव कोणाचेच घेत नाही, कारण असे खोके अनेक आहेत. यादीचा आरंभ असा आहे: पाणी, साखर, बदाम (२.५ टक्के), त्यानंतर स्थिरकारी द्रव्ये, मीठ आणि सुवास. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत असा नियम आहे, आणि ज्या घटकाचा वेष्टनावर विशेष गौरव केलेला असतो त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे असाही नियम आहे. हे दोन नियम एकत्र वाचले की तक्त्याकडे न वळताच एक निष्कर्ष हाती येतो. बदाम अडीच टक्के असून साखर जर त्याच्या आधी लिहिलेली असेल, तर साखर अडीच टक्क्यांहून कमी असूच शकत नाही, म्हणजे ज्या पेयाचे नाव बदामावरून पडले त्यात निदान बदामाइतकी तरी साखर आहेच. नंतर तक्ता पाहावा. तेथे एकूण शर्करा ४.५ ग्रॅम आणि वाढीव साखरही ४.५ ग्रॅम असे लिहिलेले आढळले, तर दोनशे मिलिलिटरच्या पेल्यातून नऊ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन चहाचे चमचे, घातलेली साखर पोटात जाते. भारतीय नियमांत दिवसाकाठी वाढीव साखरेसाठी जी ५० ग्रॅमची राशी आधारभूत धरली आहे, तिच्या अठरा टक्के. जो वाचक केवळ ‘एकूण शर्करा’ ही ओळ पाहून दुधाचे ४.७ आणि या पेयाचे ४.५ असा ताळा करतो आणि पेयच सरस असे ठरवतो, तो दोन वेगळ्या जातींच्या साखरा एकाच खात्यात मांडतो. दुधासमोर ‘वाढीव साखर ०’ असे असते, आणि पाहण्याची ओळ तीच. सुदैवाने २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी या दोन्ही ओळी स्वतंत्रपणे छापणे आपल्याकडे बंधनकारक केले आहे, तेव्हा सबब सांगायला जागा उरलेली नाही.

ओटच्या पेयात हाच हिशेब थोडा अवघड होतो. ओटचे पीठ पाण्यात नुसते कालवले तर त्याची खळ होते. ती पिण्याजोगी पातळ व्हावी म्हणून उत्पादक तीत विकर घालतात, आणि हे विकर पिठातल्या स्टार्चचे तुकडे करताना त्यातून माल्टोज नावाची गोड शर्करा मोकळी करतात. परिणाम असा की यादीत ‘साखर’ हा शब्द कोठेही नसतो, आणि तक्त्यात मात्र एकूण शर्करा तीन-चार ग्रॅम दिसते. अमेरिकेत काही ओटपेयांच्या खोक्यांवर ही शर्करा वाढीव साखरेच्या ओळीत मांडलेली आढळते. अन्यत्र ती केवळ एकूण शर्करेत जमा होते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मार्गदर्शिकेचा निर्वाळा या बाबतीत स्वच्छ आहे: विकरांनी स्टार्च फोडून पदार्थातली शर्करा वाढवली असेल, तर ‘साखर घातलेली नाही’ असा दावा त्या पदार्थाला करता येत नाही. मधुमेही वाचकांनी म्हणून ओटच्या बाबतीत दर्शनी दावा बाजूला ठेवून एकूण शर्करेची ओळ प्रमाण मानावी.

प्रथिनांची परीक्षा सर्वांत सोपी आणि सर्वांत निराशाजनक आहे. शंभर ग्रॅम बदामात सुमारे एकवीस ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, आणि जाहिरातीत तेच खरे सांगितलेले असते. पण खोक्यात बदाम अडीच टक्के आहेत, तेव्हा शंभर मिलिलिटर पेयात प्रथिने अर्धा ग्रॅम भरतात आणि पेल्याला एक ग्रॅम. त्याच पेल्याइतक्या दुधात ती सहा ग्रॅमांहून अधिक असतात. उलट हिशेब केला तर त्या पेल्यात पाच ग्रॅम बदाम, म्हणजे मोजून चार दाणे. ते रात्री भिजत घालून सकाळी चावून खाल्ले असते तर साखर, स्थिरकारी द्रव्ये आणि खोका या तिन्हींची किंमत वाचली असती, असे म्हटल्यास या धंद्यातील मंडळींनी रागावू नये. तांदळाच्या पेयाची स्थिती याहून दीन आहे. दुधाच्या पंक्तीला बसण्याची योग्यता वनस्पतिजन्य पेयांत मुख्यतः सोयाची. चांगल्या सोयापेयात प्रथिने शंभर मिलिलिटरला तीन ग्रॅमच्या आसपास असतात आणि त्यांचा दर्जाही दुधाच्या प्रथिनांच्या जवळ जातो. अमेरिकेच्या सरकारी आहारमार्गदर्शिकेत दुग्धगटात ज्या एकाच वनस्पतिजन्य पेयाला प्रवेश दिलेला आहे, ते म्हणजे बाहेरून कॅल्शियम व जीवनसत्त्वे घातलेले सोयापेय. वाटाण्याची प्रथिने वेगळी काढून घातलेली काही पेयेही या आकड्याशी पोहोचतात, पण ती खरोखर पोहोचली आहेत की नाही हे तक्त्यावरूनच ठरवावे.

कॅल्शियमचे प्रकरण सर्वांत नाजूक आहे, कारण तेथे वेष्टनावरचा आकडा खरा असूनही पेल्यातला आकडा खोटा ठरू शकतो. सोया, बदाम, ओट यांपैकी कोणाच्याही पेयात निसर्गतः दुधाइतके कॅल्शियम नसते. अडीच टक्के बदामांतून ते शंभर मिलिलिटरला पाच-सहा मिलिग्रॅमच उतरते. म्हणून तक्त्यात कॅल्शियमसमोर १२० हा आकडा दिसला, तर ते मुद्दाम घातलेले आहे असे समजावे आणि यादीत त्याचा दाखला शोधावा: कॅल्शियम कार्बोनेट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. कॅल्शियमची ओळ तक्त्यात असलीच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. ती मुळीच नसेल, तर कॅल्शियम घातलेले नाही असे गृहीत धरण्यास हरकत नाही.

परंतु हे क्षार पाण्यात विरघळत नाहीत. ते भुकटीच्या रूपाने पेयात तरंगत ठेवलेले असतात, आणि खोका फळीवर आठवडेच्या आठवडे उभा राहिला की तळाशी बसतात. अमेरिकेतील क्रेटन विद्यापीठाचे अस्थितज्ज्ञ रॉबर्ट हीनी यांनी या गोष्टीचा पाठपुरावा केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेल्या सोयापेयातील कॅल्शियम दुधातल्या कॅल्शियमच्या पाऊणपटच शोषले गेल्याचे आढळले, आणि २००६ साली त्यांनी बाजारातली पेये तपासून तळाशी साचणाऱ्या गाळाचा प्रश्न मांडला. काही पेयांतला गाळ हलवूनही पुरता वर येत नव्हता. कॅल्शियम कार्बोनेटाच्या बाबतीत मात्र २००५ सालच्या एका स्वतंत्र अभ्यासात शोषण दुधाच्या बरोबरीने झालेले दिसले. तेव्हा दोन खोके अन्य बाबतींत सारखे असतील तर कार्बोनेटाचा घ्यावा. यादीत ४१८ या क्रमांकाचा जेलन गम असेल तर तेही अनुकूल लक्षण मानावे, कारण ही भुकटी तरंगती ठेवणे हेच तेथे त्याचे एक काम असते. घरी परीक्षा करायची तर खोका संपत आल्यावर शेवटचा अर्धा पेला काचेच्या भांड्यात ओतून पाहावा. तळाशी पांढरा, खडूसारखा साका उतरला, तर आठवडाभर प्यालेल्या पेयातले कॅल्शियम त्या साक्यात राहिले होते. खोका प्रत्येक वेळी ओतण्यापूर्वी जोराने हलवायचा असतो. पहिल्या दिवशी एकदा हलवून भागत नाही.

परदेशी नातलगांनी आणलेल्या किंवा आयात केलेल्या खोक्यांविषयी एक सूचना. अमेरिकन तक्ता २४० मिलिलिटरच्या कपाला लागू असतो आणि त्यावरची कॅल्शियमची टक्केवारी १३०० मिलिग्रॅमच्या आधाराने काढलेली असते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी १००० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. टक्के टक्क्यांशी ताडू नयेत, मिलिग्रॅम पाहावेत.

प्रौढ माणसाच्या ताटात डाळ, नाचणी, तीळ, पालेभाज्या असतात, त्यामुळे पेयाची उणीव अन्यत्र भरून निघते. तान्ह्या मुलाला ही सोय नसते. २००१ साली अटलांटातील वैद्यांनी एका बालरोगविषयक नियतकालिकात दोन मुलांच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. बावीस महिन्यांच्या पहिल्या मुलाला दूध सोसत नाही अशी समजूत झाल्यामुळे त्याच्या आहाराची भिस्त तांदळाच्या पेयावर होती, आणि रुग्णालयात त्याला क्वाशिओरकर, म्हणजे प्रथिनांच्या तीव्र अभावाने येणारी सूज, असल्याचे निदान झाले. सतरा महिन्यांचे दुसरे मूल सोयापेयावर होते. प्रथिनांची ददात तेथे नव्हती, पण त्या पेयात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घातलेले नव्हते, आणि त्या मुलाला मुडदूस झाला. एकाला प्रथिनांच्या ओळीने दगा दिला, दुसऱ्याला कॅल्शियमच्या.

वाढत्या वयाच्या मुलाचे दूध कोणत्याही कारणाने बंद करावे लागत असेल, तर पालकांनी निवडलेला खोका रिकामा झाल्यावर फेकून न देता बालरोगतज्ज्ञांकडे सोबत न्यावा आणि यादी व तक्ता त्यांच्यासमोर ठेवावा; आणि मूल एक वर्षाच्या आतले असेल, तर यांपैकी कोणतेही पेय मातेच्या दुधाऐवजी किंवा शिशुआहाराच्या दुधाऐवजी देऊ नये.